गुळाला तूरडाळीचा भाव

एक्सेलमध्ये फॉर्म्युला चुकला की सहसा तो स्वतःच ओरडून सांगतो. शून्याने भागलं तर सेलमध्ये #DIV/0! उमटतं, फंक्शनचं नाव चुकीचं टाइप केलं तर #NAME? येतं. माणूस वैतागतो, पण सावध होतो. VLOOKUP ची एक चूक मात्र अशी आहे की ती झाल्यावर सेलमध्ये कसलीही खूण उमटत नाही. तिथे एक साधासुधा, पटेल असा आकडा येतो आणि तो आकडा दुसऱ्याच कुठल्यातरी ओळीतला असतो.

एका घाऊक किराणा दुकानाचं बिल घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशी शीट गावोगावच्या दुकानांत, पतसंस्थांत, शाळांच्या कार्यालयांत रोज चालू असते. उजवीकडे F, G आणि H या कॉलमांत दरपत्रक आहे: मालाचा कोड, नाव आणि किलोचा दर. पहिल्या ओळीत मथळे आहेत, माल दुसऱ्या ओळीपासून सुरू होतो.

| ओळ | कोड | माल | दर (रु.) |
|---|---|---|---|
| २ | १०४ | तूरडाळ | १६५ |
| ३ | ११२ | साखर | ४४ |
| ४ | ११८ | पोहे | ५८ |
| ५ | १३१ | शेंगदाणे | १४० |
| ६ | १०९ | गूळ | ६० |
| ७ | १२५ | रवा | ४६ |
| ८ | १४० | चहा पावडर | ४२० |

पहिले चार माल जुने, म्हणून त्यांचे कोड चढत्या क्रमाने आहेत. गूळ आणि रवा नंतर आले. त्यांना मधले रिकामे पडलेले कोड दिले गेले आणि ओळी मात्र यादीच्या तळाशी जोडल्या गेल्या. कुठलंही चालतं दरपत्रक असंच वाढत जातं.

डावीकडे बिल आहे. A कॉलममध्ये ऑर्डरीतला कोड, B मध्ये हाताने लिहिलेलं नाव, C मध्ये वजन. D मध्ये दर आपोआप यावा म्हणून हा फॉर्म्युला लावून खाली ओढला आहे:

```
=VLOOKUP(A2,$F$2:$H$8,3)
```

म्हणजे A2 मधला कोड घे, F2 ते H8 या रेंजच्या पहिल्या कॉलमात शोध आणि सापडलेल्या ओळीतल्या तिसऱ्या कॉलमातला आकडा आणून दे. डॉलरची चिन्हं रेंज जागची हलू नये म्हणून. फॉर्म्युल्यात वरवर खोट काही नाही.

बिलाच्या पहिल्या तीन ओळी तूरडाळ, साखर आणि पोह्यांच्या. दर १६५, ४४, ५८, तिन्ही बरोबर. इथवर तपासलं की माणसाचा फॉर्म्युल्यावर विश्वास बसतो आणि पुढचं तो पाहत नाही. चौथी ओळ गुळाची, कोड १०९, दर आला १६५. पाचवी रव्याची, कोड १२५, दर आला ५८. दहा किलो गुळाचे ६०० रुपये व्हायचे ते १६५० झाले. वीस किलो रव्याचे ९२० व्हायचे ते ११६० झाले. गुळावरून गिऱ्हाइकाचा फोन येईल, कारण तूरडाळीच्या भावाने गूळ कोणी घेत नाही. रव्याचं कोणाच्या लक्षात येणार नाही. २४० रुपये जास्त लागले आणि दर तर अगदी शक्य कोटीतला दिसतो. माझ्या मते खरी धास्ती रव्याची आहे, गुळाची नव्हे.

आता हे होतं कसं ते पाहू. VLOOKUP ला चार गोष्टी सांगता येतात आणि वरच्या फॉर्म्युल्यात आपण तीनच सांगितल्या. फॉर्म्युला टाइप करताना एक्सेल खाली जी पट्टी दाखवतं तिच्यात चौथी गोष्ट `[range_lookup]` अशी चौकोनी कंसात असते. चौकोनी कंस म्हणजे ऐच्छिक. आपण ती सोडून दिली की एक्सेल तिथे TRUE धरतं, आणि TRUE चा अर्थ अंदाजे जुळणी. स्वल्पविराम देऊन चौथ्या जागी गेलं की तसा Approximate match हा पर्याय दिसतोही, पण तीन गोष्टींवरच फॉर्म्युला चालला की तिथवर जायला कोण थांबतं?

अंदाजे जुळणीत एक्सेल यादी वरून खाली वाचत नाही. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं ते गृहीत धरतं आणि थेट मधोमध जातं. शब्दकोशात ‘परात’ हा शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही, मधलं पान उघडतो आणि अर्धा ग्रंथ बाजूला टाकतो, तसंच. मधला आकडा हव्या असलेल्या कोडपेक्षा मोठा निघाला तर खालचा अर्धा भाग कायमचा बाद होतो, लहान निघाला तर वरचा. उरलेल्या अर्ध्यात पुन्हा मधोमध जायचं आणि असं करत एका ओळीवर येऊन थांबायचं.

आपल्या यादीत सात माल आहेत, म्हणून मधला चौथा: १३१, शेंगदाणे. एक्सेल गुळाचा कोड १०९ घेऊन तिथे जातं. १३१ मोठा आहे, म्हणजे १०९ असलाच तर वरच्या अर्ध्यात असणार, असं त्याचं अनुमान. खालच्या तीन ओळी बाद झाल्या, आणि गूळ नेमका त्या तिनांतच बसलेला आहे. उरलेल्या तिनांत मधला ११२. तोही मोठा, म्हणून आणखी वर. तिथे १०४ आहे, तो १०९ पेक्षा लहान. पुढे जायला जागा उरली नाही. एक्सेल १०४ वर थांबतं आणि तूरडाळीचा दर उचलून आणतं. सहाव्या ओळीतल्या गुळाकडे त्याने एकदाही पाहिलेलं नाही.

रव्याचंही तसंच. १२५ घेऊन पहिल्यांदा १३१ कडे, तो मोठा, म्हणून वर. मग ११२, तो लहान, म्हणून त्याच्या खालची ओळ. तिथे ११८, तोही लहान. शोध संपला. पोह्यांचा दर ५८ रव्याला लागला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. अंदाजे जुळणी म्हणजे ‘सर्वांत जवळचा’ आकडा नव्हे. हाच कोड किंवा तो नसेल तर त्याच्या खालचा सर्वांत मोठा, असा तिचा नियम आहे. यादी अगदी नीट लावलेली असली आणि तुम्ही १२४ शोधलात, तर हाताशी असलेला १२५ सोडून उत्तर ११८ चं येईल. ती कधीही वरच्या आकड्याकडे वळत नाही. आणि यादी लावलेली नसेल तर ‘खालचा सर्वांत मोठा’ हेही खरं राहत नाही. मधोमध जाण्याचा प्रवास जिथे संपेल तिथलं उत्तर मिळतं.

त्यातून आणखी एक विचित्र प्रकार घडतो. समजा दुकानदाराने यादीच्या तळाला १४३ आणि १४७ या कोडचे दोन नवे माल जोडले आणि फॉर्म्युल्यातली रेंज H10 पर्यंत वाढवली. बाकी कशालाही हात लावला नाही. आता माल नऊ, म्हणून मधला पाचवा, म्हणजे नेमका १०९. गुळाचा दर आपोआप बरोबर यायला लागतो. रव्याचाही बरोबर येतो. पण साखरेचा कोड ११२ घेऊन एक्सेल मधोमध गेलं की तिथे १०९ दिसतो. तो लहान, म्हणून वरचा अर्धा भाग बाद, आणि साखर तर त्या वरच्या भागात आहे. खाली १२५, १४०, १४३, १४७ सगळे मोठे. शोध १०९ वर परततो आणि साखरेला गुळाचा दर लागतो, ६० रुपये. पोह्यांनाही तोच. शेंगदाण्यांचा १३१ खालच्या भागात फिरून १२५ वर थांबतो आणि १४० रुपयांचे शेंगदाणे रव्याच्या ४६ रुपयांनी विकले जातात.

म्हणजे कालपर्यंत बरोबर असलेले दर आज चुकले, चुकलेले सुधारले, आणि फॉर्म्युला तोच. ‘गेल्या महिन्यात तर शीट बरोबर चालत होती’ असं हिशेब बघणारा शपथेवर सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

मग असं वागणं मुळात ठेवलंच कशासाठी? त्याचं उत्तर स्प्रेडशीटच्या जन्माशी जाऊन पोहोचतं. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिझिकॅल्क बाजारात आणलं, घरगुती संगणकावर चालणारं पहिलं स्प्रेडशीट. त्यात LOOKUP हे फंक्शन होतं, आणि ते घालण्यामागे फ्रँकस्टन यांना स्वतःच्या आयकराचा हिशेब त्यात करायचा होता हे एक कारण होतं. आयकराचा तक्ता म्हणजे टप्प्यांचा तक्ता. कोणाचंही उत्पन्न तक्त्यातल्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, ते दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी पडतं, आणि ‘हे कोणत्या टप्प्यात येतं’ एवढंच विचारायचं असतं. त्या प्रश्नाला अंदाजे जुळणी हेच बरोबर उत्तर आहे. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेलची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून VLOOKUP त्यात आहे, आणि न सांगता अंदाजे जुळणी धरण्याची सवयही ते आजवर सोबत घेऊन आलं आहे.

वेग हेही त्यातलं एक बळ. लाखभर ओळींच्या यादीत अर्धे-अर्धे करत गेलं तर साधारण सतरा तुलनांत शोध संपतो. वरून खाली वाचत गेलं तर लाख तुलना कराव्या लागू शकतात. त्या काळच्या मंद यंत्रांवर असा फरक जाणवण्याजोगा होता.

टप्प्यांचा प्रश्न आपल्याकडेही रोज पडतो. दहावीच्या निकालाचं घ्या. राज्य मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण विद्यार्थ्याला ७५ टक्के किंवा जास्त असतील तर विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी आणि ३५ पासून उत्तीर्ण श्रेणी. शाळेच्या कारकुनाने K कॉलममध्ये ३५, ४५, ६०, ७५ असे चार आकडे चढत्या क्रमाने लिहिले, समोर L मध्ये श्रेणी लिहिली आणि हा फॉर्म्युला लावला, की काम झालं:

```
=VLOOKUP(B2,$K$2:$L$5,2,TRUE)
```

६७.२ टक्क्यांना प्रथम श्रेणी येते, ५९.८ ला द्वितीय. इथे तंतोतंत जुळणी मागितली तर ६७.२ हा आकडा तक्त्यात नाही म्हणून बहुतेक सगळा वर्ग #N/A होऊन बसेल. तक्त्यातल्या तळाच्या आकड्यापेक्षा, म्हणजे ३५ पेक्षा, कमी टक्के असतील तर मात्र अंदाजे जुळणीतही #N/A येतं, कारण त्याच्या खाली पायरीच नाही. अशा ठिकाणी TRUE स्पष्ट लिहावं, सोडून देऊ नये. पुढे शीट हातात घेणाऱ्याला कळतं की हे समजून-उमजून केलं आहे.

टक्केवारी टप्प्यात पडते. मालाचा कोड, सभासद क्रमांक, हजेरी क्रमांक, आयएफएससी कोड टप्प्यात पडत नाहीत. ते एक तर यादीत असतात किंवा नसतात. १०९ हा कोड १०४ पेक्षा पाचाने मोठा आहे या गोष्टीला काही अर्थच नाही, ते केवळ ओळखीचं चिन्ह आहे. आपण ‘हा कोण’ असं विचारतो आणि एक्सेल ‘हा कोणत्या पायरीवर’ याचं उत्तर देतं.

यावर बरेच जण एक उपाय सांगतात: यादी सॉर्ट करा, झालं. अर्धाच उपाय आहे हा. यादी १०४, १०९, ११२, ११८, १२५, १३१, १४० अशी लावली की यादीत असलेल्या सगळ्या कोडचे दर बरोबर येतील, हे खरं. पण नसलेल्या कोडचं काय? ऑर्डर घेणाऱ्याने ११२ ऐवजी चुकून ११५ टाइप केलं तर साखरेचा ४४ रुपये दर येईल. हा तरी योगायोगाने योग्य निघाला. ११८ ऐवजी ११७ टाइप झालं तरी पोह्यांऐवजी साखरेचाच दर येईल. बोट घसरून ९९९ पडलं तर चहा पावडरीचे ४२० रुपये लागतील, कारण ९९९ च्या खालचा सर्वांत मोठा कोड १४०. यादीतून काढून टाकलेल्या मालाचा कोड जुन्या सवयीने कोणी टाकला, तरी शेजाऱ्याचा दर मुकाट्याने हजर. शिवाय सॉर्ट केलेली यादी सॉर्ट केलेलीच राहील याची हमी कोणाकडे आहे? पुढच्या आठवड्यात कोणीतरी तळाला एक ओळ जोडणारच.

खरा उपाय चौथ्या जागी आहे:

```
=VLOOKUP(A2,$F$2:$H$8,3,FALSE)
```

FALSE म्हणजे तंतोतंत जुळणी. आता एक्सेलला यादीच्या क्रमाशी देणंघेणं नाही. F2 मध्ये १०४, नाही. ११२, नाही. ११८, नाही. १३१, नाही. १०९, मिळाला, दर ६०. रव्याचा ४६. नवे माल तळाला जोडा, मध्ये घुसवा, क्रम उलटा करा, उत्तर बदलत नाही. आणि ११७ टाइप झालं तर सेलमध्ये #N/A येतं, म्हणजे ‘असा कोड यादीत नाही’. मोठ्या यादीत याला वेळ जास्त लागतो ही जुनी तक्रार, पण काही हजार ओळींपर्यंत तो फरक जाणवतही नाही, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अलीकडच्या एक्सेलमध्ये तंतोतंत शोधाचा वेगही बराच वाढवलेला आहे.

FALSE ऐवजी नुसतं 0 लिहिलं तरी चालतं, आणि घाईत काम करणारे बहुतेक जण तेच लिहितात. इथे एक गंमत आहे. तिसऱ्या आकड्यानंतर स्वल्पविराम देऊन पुढची जागा रिकामी ठेवली, म्हणजे `=VLOOKUP(A2,$F$2:$H$8,3,)` असं लिहिलं, तर एक्सेल ती रिकामी जागा शून्य समजतं आणि तंतोतंत जुळणी करतं. स्वल्पविरामही दिला नाही तर अंदाजे. एका स्वल्पविरामावर बिल फिरतं. तेव्हा या खुबीवर विसंबू नये. वाचणाऱ्याला ती टायपिंगची चूक वाटेल आणि तो स्वल्पविराम पुसून टाकेल.

FALSE लावल्यावर पहिल्या दिवशी बहुधा तक्रारच येते: ‘आधी सगळे दर येत होते, आता निम्म्या ठिकाणी #N/A आलंय.’ खरं तर आधीही ते दर जुळत नव्हते, फक्त तसं दिसत नव्हतं. तरी काही वेळा कोड डोळ्यांना दोन्हीकडे सारखा दिसतो आणि तरी जुळत नाही. त्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे एका बाजूला १०९ ही संख्या असते आणि दुसऱ्या बाजूला मजकूर. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या याद्यांत हे हमखास होतं. संख्या सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे, आणि मजकूर म्हणून साठवलेल्या संख्येच्या सेलच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसतो. त्या सेल निवडून शेजारच्या पिवळ्या चिन्हातून Convert to Number केलं की प्रश्न मिटतो.

दुसरं कारण न दिसणाऱ्या जागांचं. कोडनंतर चुकून पडलेली स्पेस TRIM ने जाते. वेबसाइटवरून चिकटवलेल्या यादीत मात्र वेगळ्या जातीची, न तुटणारी स्पेस असते आणि तिला TRIM हात लावत नाही. ती काढायला हे लागतं:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

तिसरं कारण खास मराठी यादीतलं, आणि ते ठाऊक नसेल तर तासन्‌तास डोकं खाईल. ‘कऱ्हाड’ हे नाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण LEN ने मोजलं तर पहिल्यात सहा चिन्हं भरतात आणि दुसऱ्यात सात. कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांचीही तीच गत. एक यादी मोबाइलवर भरलेली, दुसरी ऑफिसातल्या संगणकावर, अशा वेळी ही दोन रूपं एकच मानली जातील असा भरवसा धरू नये. सभासदांच्या यादीत नावावरून शोधण्याऐवजी क्रमांकावरून शोधावं असं जे सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे. दोन व्यक्तींचं नाव सारखं असणं हे तर आहेच.

#N/A दिसायला बरं दिसत नाही, म्हणून पुष्कळ जण त्यावर पांघरूण घालतात: `=IFERROR(VLOOKUP(...),0)`. मला हे अजिबात पटत नाही. कोड सापडला नाही तर दर शून्य, म्हणजे तो माल फुकट गेला, आणि बिलाची बेरीज निमूटपणे कमी झाली. इतका खटाटोप करून मिळवलेला इशारा आपणच पुसला. झाकायचंच असेल तर IFNA वापरावं आणि शून्याऐवजी शब्द लिहावेत:

```
=IFNA(VLOOKUP(A2,$F$2:$H$8,3,FALSE),"कोड नाही")
```

IFERROR कोणतीही चूक गिळतं, अगदी रेंज किंवा नाव चुकलं असेल तरीही. IFNA फक्त ‘सापडलं नाही’ एवढंच हाताळतं. आणि ‘कोड नाही’ या शब्दांना वजनाने गुणायला गेलं की रकमेच्या सेलमध्ये #VALUE! येतं. ते यायलाच हवं. तसं बिल छापून बाहेर जात नाही.

आता प्रश्न उरतो तो आधीच चालत असलेल्या शीटचा. वर्षभराची बिलं झाली आहेत आणि चौथी जागा रिकामी होती हे आज कळलं. कुठे कुठे गोंधळ झाला ते शोधायची एक सोपी युक्ती आहे. जुना फॉर्म्युला जसाच्या तसा ठेवायचा, फक्त तिसऱ्या कॉलमऐवजी पहिला मागायचा, म्हणजे दर नव्हे तर कोडच परत आणायला सांगायचं, आणि तो मूळ कोडशी ताडून पाहायचा:

```
=VLOOKUP(A2,$F$2:$H$8,1)=A2
```

जुळणी बरोबर झाली असेल तर १०४ शोधल्यावर १०४ च परत येईल आणि सेलमध्ये TRUE दिसेल. गुळाच्या ओळीत १०९ शोधून १०४ परत येतो, म्हणून FALSE. हा कॉलम खाली ओढून फिल्टरने FALSE असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या की चुकलेल्या बिलांची यादी तयार. जिथे #N/A येईल त्या ओळीही तपासाव्यात. फक्त एक अट आहे: दरपत्रक बिल करताना ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने हवं. मध्यंतरी ओळी जोडल्या असतील तर वर साखरेचं जे झालं ते आठवा. आजच्या यादीवर केलेली तपासणी मार्चच्या बिलाबद्दल काही सांगत नाही. तेव्हा जुन्या बिलांसाठी FALSE लावून दर नव्याने काढावेत आणि छापील दराशी ताडावेत. मधल्या काळात भाव बदलले असतील तर त्या वेळचं दरपत्रक शोधावं लागेल, त्याला पर्याय नाही.

हा सापळा एकट्या VLOOKUP चा नाही. HLOOKUP मध्ये तो तसाच आहे. INDEX आणि MATCH ची जोडी वापरणारे स्वतःला सुरक्षित समजतात, पण MATCH ची तिसरी जागा सोडली की तिथेही अंदाजे जुळणीच धरली जाते. तंतोतंत हवी तर 0 लिहावा लागतो. गूगल शीट्समधल्या VLOOKUP लाही चौथी गोष्ट न सांगितल्यास हेच होतं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये XLOOKUP जाहीर केलं तेव्हा मात्र ही जुनी सवय उलटी केली. त्यात काही न सांगता तंतोतंत जुळणी होते आणि ‘सापडलं नाही तर काय लिहू’ हेही आतच सांगता येतं:

```
=XLOOKUP(A2,$F$2:$F$8,$H$2:$H$8,"कोड नाही")
```

दहावीच्या श्रेणींसारखं टप्प्याचं काम असेल तर पाचव्या जागी -1 लिहायचं, म्हणजे ‘हा नाहीतर याच्या खालचा’. त्यासाठी यादी क्रमाने लावायचीही गरज नाही. एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ते आहे, २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. ज्या शीट दहा जणांकडे फिरतात त्यांत म्हणून अजून VLOOKUP च बरं, FALSE सकट.

तंतोतंत जुळणीच्याही दोन मर्यादा सांगायला हव्यात. एकच कोड यादीत दोनदा असेल तर ती पहिल्या ओळीवर थांबते, दुसरी तिला दिसत नाही. दर बदलल्यावर जुनी ओळ न पुसता खाली नवी ओळ लिहिण्याची पद्धत असेल, तर बिलाला जुनाच दर लागत राहील. आणि कोडमध्ये मजकूर असेल, तर फुलीला जागा देऊ नये. पिशव्यांचं किंवा फरशांचं माप `12*18` असं लिहायची दुकानांत सवय असते. शोधायच्या मजकुरातला * हा VLOOKUP च्या भाषेत ‘मध्ये काहीही चालेल’ असा अर्थ घेतो, FALSE असतानाही. त्यामुळे `12*18` शोधताना यादीत आधी `12*15*18` आलं तर तेच उचललं जातं. त्या चिन्हाआधी ~ लावून `12~*18` असं शोधता येतं, पण सोपं म्हणजे मापं `12x18` अशी लिहावीत.